वाय-फाय जोडलेलं, बॅकअप चालू, तरी फोटो वर का जात नाहीत?

प्रश्न: आई गावी असते, मी पुण्यात. तिच्या रेडमी फोनवर गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू दिसतो, वाय-फायही जोडलेलं आहे, तरी गणपतीपासूनचे फोटो वर गेलेलेच नाहीत. कधी Waiting for Wi-Fi असं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. घरी ब्रॉडबँड नाही, बाबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरच तिचं सगळं चालतं. बाबांचं पॅक रोज दीड जीबीचं आहे. फोनमधली जागा संपत आली आहे आणि आई विचारतेय, जुने फोटो डिलीट करू का? काय काय तपासू?

उत्तर:

आधी आईंना फोन करा आणि एकही फोटो डिलीट करू नका म्हणून सांगा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा. गणपतीपासूनचे फोटो वर गेलेले नसतील तर त्यांची जगात एकच प्रत आहे, ती म्हणजे त्या फोनमधली. जे आधीचे फोटो वर गेले आहेत, त्यांचंही एक नीट समजून घ्यायला हवं. गुगल फोटोज उघडून त्यात साधं डिलीट केलं, तर फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही जातो. "वर आहे ना, मग फोनमधला काढते" असं म्हणून डिलीट केलेले आणि ट्रॅश रिकामी केल्यामुळे कायमचे गेलेले फोटो घेऊन महिन्याला दोन-तीन माणसं तरी माझ्याकडे येतात. मी कराडला मोबाईल दुरुस्तीचं आणि डेटा परत मिळवून द्यायचं काम करतो. अशा फोटोंसाठी मला फार काही करता येत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता अडलंय कुठे ते बघू. तुमच्या प्रश्नात उत्तर बहुतेक आलेलंच आहे: बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट.

अँड्रॉइड फोन वाय-फायचे दोन प्रकार मानतो. एक मीटर नसलेलं, म्हणजे कितीही वापरा, बिल तेच, उदाहरणार्थ घरचं ब्रॉडबँड. दुसरं मीटरवरचं, जिथे प्रत्येक एमबी कुणाच्या तरी पॅकमधून जातो. एक अँड्रॉइड फोन दुसऱ्याला हॉटस्पॉट देतो, तेव्हा जोडणीच्या वेळी आयपी अ‍ॅड्रेस देतानाच तो सोबत एक खूण पाठवतो. त्या खुणेत अक्षरशः ANDROID_METERED असा शब्द असतो. आईंच्या फोनला ती खूण मिळाली की तो मनाशी नोंद करतो की हे वाय-फाय असलं तरी मीटरवरचं आहे, इथे जपून वापरायचं. वरच्या पट्टीत वाय-फायचं चिन्ह नेहमीसारखंच दिसतं. यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. पण गुगल फोटोजला मुळात "मोबाईल डेटा वापरू नकोस" असं सांगितलेलं असतं, आणि मीटरवरचं वाय-फाय त्याच्या लेखी मोबाईल डेटाच असतो. म्हणून तो खऱ्या वाय-फायची वाट बघत बसतो. Waiting for Wi-Fi या ओळीचा अर्थ तुमच्या घरात हाच निघतो. फोन बिघडलेला नाही आणि अ‍ॅपही बिघडलेलं नाही.

तरी एवढ्यावर थांबू नका, कारण एकाच फोनवर दोन-दोन कारणं एकदम असू शकतात. आईंना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करा आणि स्क्रीन शेअर करायला सांगा, म्हणजे त्यांना "कुठे दाबू" असं विचारत बसावं लागणार नाही. गुगल फोटोज उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असतं. तो दाबला की एकाच ठिकाणी तीन गोष्टी वाचायला मिळतात: कोणता ई-मेल आहे, बॅकअपची अवस्था काय आहे आणि जागा किती भरली आहे. या तीन ओळी न वाचता सेटिंग्ज उलटसुलट करत बसलं की तासभर जातो आणि हाती काही लागत नाही.

पहिली ओळ ई-मेलची. आपल्याकडे फोन घेताना दुकानदारच पटकन एक नवीन जीमेल काढून देतो, कारण गिऱ्हाईकाला जुन्याचा पासवर्ड आठवत नसतो. मग जुने फोटो एका खात्यात राहतात आणि नवे दुसऱ्याच खात्यात जायला लागतात. गेल्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या एक शिक्षिका आल्या होत्या. सहा महिन्यांचे फोटो वर गेलेच नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. गोल दाबला तर त्यात भलताच ई-मेल: त्यांचं आडनाव, पुढे फोन घेतल्याची तारीख. फोटो सगळे नीट वर गेले होते, फक्त ज्या खात्यात त्या रोज शोधत होत्या त्यात नव्हते. तुमच्या आईंचा ई-मेल तुम्हाला माहीत असलेलाच आहे ना, ते आधी बघा. वेगळा असेल तर तो लिहून घ्या आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधा. बॅकअप नंतर.

ई-मेल बरोबर असेल तर दुसरी ओळ, बॅकअपच्या अवस्थेची. तिथे दिसणाऱ्या मीटरच्या अडचणीवर दोन वाटा आहेत.

पहिली वाट अशी की आईंच्या फोनला सांगायचं, हे वाय-फाय मीटरवरचं मानू नकोस. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडायचं, बाबांच्या हॉटस्पॉटच्या नावाशेजारच्या बाणावर किंवा गिअरवर जायचं आणि आत Metered किंवा Network usage असा शब्द शोधायचा. तिथे Treat as unmetered निवडता येतं. कंपनीनुसार ही जागा आणि शब्द थोडे बदलतात. हे केलं की फोटो लगेच जायला लागतील. पण मी ही वाट तुम्हाला सुचवणार नाही. असं केल्यावर आईंच्या फोनमधल्या प्रत्येक अ‍ॅपला वाटतं की ब्रॉडबँड आलं. प्ले स्टोअर पंधरा-वीस अ‍ॅपचे अपडेट ओढायला घेतं आणि बाबांचं दीड जीबी सकाळी नऊच्या आत संपतं. मग बाबा हॉटस्पॉट बंद करून टाकतात आणि बॅकअप पुन्हा ठप्प होतो.

दुसरी वाट मला जास्त पटते: फक्त गुगल फोटोजला मोबाईल डेटा वापरायची परवानगी द्यायची. गोल दाबा, Photos settings मध्ये जा, Backup उघडा. तिथे Backup चं बटण चालू आहे याची खात्री करा आणि खाली Mobile data usage मध्ये जा. इथे रोज किती डेटा वापरायचा याची मर्यादा असते, अगदी ५ एमबीपासून Unlimited पर्यंत. ही मर्यादाच पुष्कळ ठिकाणी घात करते. कुणीतरी कधीतरी काळजीने ५ किंवा १० एमबी ठेवलेलं असतं. रेडमीचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा होतो, म्हणजे दिवसाला एक-दोन फोटो जातात आणि बॅकअप थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, बॅकअप "मध्येच कधीतरी" चालतो. तुम्ही तिथे Unlimited ठेवा, पण त्याच पानावरचं Back up videos over data हे बटण बंद राहू द्या. व्हिडिओंचा विचार वेगळा करू.

हे करताना फोनच्या सेटिंग्जमध्ये Data Saver चालू आहे का, तेही बघून घ्या. Data Saver मीटरवरच्या वाय-फायलाही लागू होतो आणि मागे चालणाऱ्या अ‍ॅपचा डेटा तोडतो. तो बंद करायचा नसेल तर त्यातल्या Unrestricted data च्या यादीत Photos ला सूट द्या.

आता दीड जीबीचा हिशेब, कारण परवानगी दिली म्हणून सगळे फोटो एका रात्रीत जाणार नाहीत. समजा गणपतीपासून ९०० फोटो जमलेत आणि सरासरी ४ एमबीचा एक, तर ते झाले ३.६ जीबी. व्हिडिओ समजा मिनिटाचे ४० असतील. फुल एचडीमध्ये मिनिटाचा व्हिडिओ सहज १३० एमबीपर्यंत जातो, म्हणजे ४० व्हिडिओ झाले सव्वापाच जीबीच्या आसपास. संख्येने व्हिडिओ थोडे आहेत, पण वजन त्यांचंच जास्त आहे. म्हणूनच आधी फोटो जाऊ द्यायचे.

रोजचा डेटा संपल्यावर काय होतं तेही समजून घ्या. नेट पूर्ण बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. पट्टीत वाय-फाय दिसतंच, व्हॉट्सअ‍ॅपचे साधे मेसेजही जातात, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. पण त्या वेगाने ४ एमबीचा एक फोटो वर जायला आठ मिनिटांच्या वर लागतात आणि १३० एमबीच्या व्हिडिओला साडेचार तास. एवढा वेळ जोडणी टिकतच नाही. बाबा फोन घेऊन शेतात गेले की संपलं. वर Uploading दिसतं आणि आकडा हलत नाही, तेव्हा पॅकचा डेटा संपलाय का हे बाबांच्या फोनवर बघा. आईंच्या फोनवर ते कळणार नाही.

माझ्या गावाकडच्या गिऱ्हाइकांना मी रात्रीची वेळ सांगतो. बहुतेक रोजच्या पॅकचा हिशेब मध्यरात्री बाराला नव्याने सुरू होतो. रात्री अकराच्या सुमाराला दोन्ही फोन चार्जिंगला एकमेकांशेजारी ठेवायचे, बाबांचा हॉटस्पॉट चालू करायचा, आईंच्या फोनवर गुगल फोटोज उघडून ठेवायचं. दिवसभरात उरलेला डेटा बारापर्यंत वापरला जातो आणि बारानंतर नवा सुरू होतो. गावात रात्री टॉवरवर गर्दी कमी असते. वर चढवायचा वेग २ एमबीपीएस मिळाला तरी १ जीबी जायला सव्वा तासापेक्षा कमी लागतो. रोज १ जीबी धरलं तर तुमचे ३.६ जीबी फोटो चार रात्रींत जातील आणि बाबांना दिवसा वापरायला अर्धा जीबी उरेल. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये कुणी जोडलेलं नसताना तो आपोआप बंद होण्याची सोय असते. आईंचा फोन रात्रभर जोडलेला राहिला तर तिचा त्रास होत नाही, पण जोडणी तुटली की तो बंद होतो आणि सकाळपर्यंत तसाच राहतो. एक-दोन रात्री तसं झालं तर ती सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा.

फोन चार्जिंगला आणि अ‍ॅप उघडं ठेवायचं कारण रेडमीचा स्वभाव. शाओमीच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप फार कडकपणे बंद केली जातात. स्क्रीन विझली की थोड्या वेळात गुगल फोटोजही झोपतं. तुम्ही म्हणता ना, कधी काहीच दिसत नाही, ते यामुळे होत असावं. Photos च्या आयकॉनवर बोट दाबून धरा, App info मध्ये जा. तिथे Autostart असेल तर चालू करा आणि Battery saver मध्ये No restrictions निवडा. एवढं केल्यावर अ‍ॅप सतत उघडं ठेवायची गरज राहत नाही. फोटो मात्र पहिल्या रात्री तरी उघडं ठेवूनच जाऊ द्या, म्हणजे आकडा खरंच उतरतोय का हे आईंना दिसेल.

त्याच App info मध्ये Permissions उघडून फोटो आणि व्हिडिओंची परवानगी पूर्ण दिलेली आहे ना ते बघा. अँड्रॉइड १४ पासून काही ठरावीक फोटोंपुरतीच परवानगी देता येते. घाईत ती निवडली गेली असेल तर अ‍ॅपला बाकीचे फोटो दिसतच नाहीत. आईंच्या फोनला तो अपडेट आला असेल तर हे तपासायलाच हवं.

आता तिसरी ओळ, जागेची. हॉटस्पॉटचं सगळं नीट करूनही फोटो जात नसतील, तर नव्वद टक्के वेळा उत्तर इथे असतं.

गुगलच्या एका खात्याला १५ जीबी मोफत मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांची वाटणी असते. १ जून २०२१ च्या आधी हाय क्वालिटीमध्ये चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नाहीत. त्या तारखेनंतरचा प्रत्येक फोटो मोजला जातो. अजून एक बदल पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही: अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी या १५ जीबीत धरला जात नव्हता, २०२४ पासून धरला जाऊ लागला. ज्यांची जागा वर्षानुवर्षं निम्मी रिकामी होती, त्यांची ती एकदम भरली, आणि फोटो का थांबले हे त्यांना कळेना. जागा पूर्ण भरली की फोटो तर थांबतातच, जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. बँकेचा मेल आला नाही म्हणून दुकानात येणाऱ्यांचं खातंही मी याच कारणासाठी आधी उघडून बघतो.

वर सांगितलेल्या शिक्षिकांचंच पुढचं उदाहरण देतो, कारण खातं सापडल्यावर त्यांची दुसरी अडचण हीच निघाली. ज्या जुन्या खात्यात त्यांना सगळे फोटो एकत्र हवे होते, त्यात जागा १४.९ जीबी भरलेली होती. संगणकावर हे पान उघडलं:

```
one.google.com/storage
```

तिथे वाटणी स्वच्छ दिसते. फोटो ७.८ जीबी, जीमेल १.४ जीबी, ड्राइव्ह अर्धा जीबी आणि उरलेले ५.२ जीबी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. शाळेच्या आणि नातेवाइकांच्या मिळून तीसेक ग्रुपमधले सगळे सुप्रभातचे व्हिडिओ त्या बॅकअपमध्ये जात होते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Chats, मग Chat backup उघडलं. तिथे Include videos हे बटण चालू होतं. त्यांना विचारलं, यातला ठेवण्यासारखा व्हिडिओ कोणता? नातवाच्या बारशाचे सात-आठ निघाले. ते आधी पेनड्राइव्हवर काढून दिले, मग बटण बंद केलं आणि Back up दाबलं. नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, त्यामुळे जुना वेगळा पुसावा लागत नाही. नवा झाला १.१ जीबीचा. चार जीबीच्या वर जागा मोकळी झाली, एकही फोटो न पुसता. जागा करायची तर मी सुरुवात इथूनच करतो. एक लक्षात ठेवा: हे बटण बंद केल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ फक्त फोनमध्येच राहतात, फोन बदलला तर ते परत येणार नाहीत. म्हणून आधी विचारून घ्यायचं.

त्यानंतर जीमेल. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे लिहिलं की दहा एमबीपेक्षा मोठ्या जोडण्या असलेले मेल समोर येतात:

```
has:attachment larger:10M
```

नको असलेले पुसायचे आणि नंतर जीमेलची ट्रॅशही रिकामी करायची, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

फोटोंमध्येच जागा करायची असेल तर photos.google.com/quotamanagement या पानावर मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, अस्पष्ट फोटो वेगवेगळे करून दाखवले जातात. हे काम आईंवर सोपवू नका, तुम्ही स्वतः एकेक बघून करा. इथून पुसलेलं फोनमधूनही जातं, हे सुरुवातीला सांगितलं आहेच. वर गेलेला फोटो चुकून पुसला गेला तर तो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. न चढवलेल्या फोटोला एवढी मुदत मिळत नाही.

Backup च्याच पानावर Backup quality असतं. Original quality म्हणजे जसा आहे तसा. Storage saver मध्ये फोटो थोडा दाबला जातो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर १६ वर आणला जातो आणि फुल एचडीपेक्षा मोठा व्हिडिओ फुल एचडीवर आणला जातो. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेले रेडमी फोनसुद्धा नेहमीच्या मोडमध्ये साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतात, त्यामुळे आईंच्या फोटोंचे मेगापिक्सेल Storage saver मध्ये कमी होत नाहीत, फक्त फाइल हलकी होते. मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघताना फरक कळत नाही, नेहमीच्या अल्बमच्या प्रिंटलाही चालतं. घरच्या फोटोंसाठी मी Storage saver च ठेवायला सांगतो. लग्नाचे किंवा मोठ्या फ्रेमला लावायचे फोटो असतील तर ते मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर वेगळे ठेवावेत. ही निवड पुढे चढणाऱ्या फोटोंनाच लागू होते. आधीच Original मध्ये गेलेले फोटो छोटे करायला संगणकावर photos.google.com/settings इथे Recover storage आहे. पण ते एकदा दाबलं की क्लाउडमधले मूळ आकाराचे फोटो परत मिळत नाहीत, तेव्हा घरात बोलून मगच दाबा.

हे सगळं करूनही १५ जीबी अपुरे पडत असतील तर १०० जीबीचं सशुल्क पॅक आहे आणि ते कुटुंबातल्या पाच जणांबरोबर वाटून घेता येतं. पॅक तुम्ही तुमच्या खात्यावर घेतलं आणि आई-बाबांना कुटुंबात जोडलं, तर त्यांना पैशांचं काही करावं लागत नाही. त्यांचे फोटो तुम्हाला दिसत नाहीत, तुमचे त्यांना दिसत नाहीत, फक्त जागा सामायिक होते.

एक छोटी गोष्ट राहिली. आई कदाचित म्हणतील की मामाने पाठवलेले फोटो वर गेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये नसतात. Backup च्या पानावर Back up device folders मध्ये WhatsApp Images वेगळं चालू करावं लागतं. माझा सल्ला, तूर्त चालू करू नका. दीड जीबीच्या पॅकवर ग्रुपवरची चित्रं आधी जातील आणि गणपतीचे फोटो मागे राहतील. हवे ते दहा-वीस फोटो गुगल फोटोजमध्ये उघडून, वरच्या ढगाच्या चिन्हावरून एकेक वर पाठवता येतात.

आता पुण्यातून खात्री कशी करायची ते सांगतो. आईंना घरातल्या कोणत्याही वस्तूचा, अगदी पाण्याच्या तांब्याचा, एक फोटो काढायला सांगा. गुगल फोटोजमध्ये तो उघडून बोटाने वर सरकवला की खाली माहिती येते. वर गेलेला असेल तर तिथे Backed up असं दिसतं. तरी तेवढ्यावर विसंबू नका. तुमच्या संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून photos.google.com वर आईंच्या खात्याने शिरा. त्यांच्या फोनवर "तुम्हीच आहात का" असं विचारलं जाईल, त्या वेळी त्यांना फोनवर बोलत ठेवा आणि दिसणारा आकडा दाबायला सांगा. तांब्याचा फोटो तुम्हाला पुण्यात दिसला, तर फोटो खरोखर फोनबाहेर पडला. मग गणपतीचे पाच दिवस उघडा आणि फोनवरचे व संगणकावरचे फोटो एकेका दिवसाचे मोजून जुळवा. फोनवर ज्या फोटोच्या कोपऱ्यात रेघ मारलेला ढग दिसतो, तो अजून गेलेला नाही. काम झाल्यावर तिथून साइन आउट करा.

व्हिडिओंसाठी मी त्या पॅकवर झगडायला सांगणार नाही. तुम्ही दिवाळीला गावी जाल तेव्हा लॅपटॉप न्या, केबलने फोन जोडा आणि DCIM मधला Camera हा फोल्डर आख्खा उतरवून घ्या. लॅपटॉप नसेल तर ओटीजीचा पेनड्राइव्ह चालतो, ६४ जीबीचा पुरे. किंवा आईंचा फोनच दोन दिवसांसाठी पुण्यात आला तर तुमच्या ब्रॉडबँडवर सगळे व्हिडिओ एका रात्रीत वर जातील, कारण तिथे मीटरचा प्रश्नच नाही.

फोनमधली जागा मोकळी करायची ती यानंतर. गोल दाबल्यावर Free up space येतं. ते फक्त वर गेलेल्याच फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं, क्लाउडला हात लावत नाही, आणि न गेलेले फोटो तसेच ठेवतं. आईंना डिलीटचं बटण विसरायला सांगा आणि हे एकच दाखवा. त्यानंतर जुने फोटो बघायला नेट लागेल, म्हणून त्या वारंवार उघडतात ते नातवंडांचे वगैरे फोटो आधी गॅलरीतून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. Free up space नंतर त्या प्रती फोनमध्ये राहिल्या आहेत ना ते बघा, नसतील तर क्लाउडमधून पुन्हा उतरवून घ्या.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी आईंना गोल दाबून किती फोटो उरलेत तो आकडा विचारा. ९०० वरून ६५० च्या आसपास आला असेल तर सगळं मार्गावर आहे. आकडा हललाच नसेल तर त्या ओळीत नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न बदलता मला कळवा, सोबत बाबांच्या फोनवर किती डेटा शिल्लक दाखवतंय तेही लिहा.